घाटात गाडीला पेट्रोल का मिळत नाही: व्हॅक्यूम कॉक आणि रिझर्व्हची तपासणी

आधी लक्षणं बघा. ती जुळली नाहीत तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, बिघाड दुसरीकडे आहे.

नाशिक शहरात दुचाकी मस्त चालते. द्वारका, सीबीएस, कॉलेज रोड, सगळीकडे एकदम व्यवस्थित. टाकीत निम्मं पेट्रोल असतं. पण नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढायला लागलं की दोन-तीन वळणांनंतर गाडी ओढायची थांबते. ती एकदम बंद पडत नाही. आधी हिसके देते, मग थ्रॉटल जितका जास्त पिळावा तितकी मरगळते. थ्रॉटल थोडा सोडला की जरा जिवात जीव येतो. चोक ओढला तर पाच-दहा सेकंद नीट चालते. शेवटी बंद पडते, आणि मग किक मारून मारून किंवा सेल्फ लांबवून सुरू होते. गडावर पोहोचल्यावर मेकॅनिकला दाखवली तर तिथे ती अगदी शहाण्यासारखी उभी राहून आयडल मारते.

दुसरा प्रकार उताराचा. पेठ रोडला सावळघाट उतरताना किंवा कसारा घाटातून खाली जाताना काहीच होत नाही. पण उतार संपून सपाटीला थ्रॉटल दिला की गाडी भुक-भुक करून बसते. रिझर्व्हला फिरवली तरी सुरू होत नाही, आणि टाकीत तर पेट्रोल हलताना ऐकू येतं.

ही दोन्ही लक्षणं लोक एकाच नावाने सांगतात, ‘घाटात पेट्रोल पोचत नाही’. पण चढावरचा बिघाड आणि उतारावरचा बिघाड वेगळे आहेत. म्हणून गाडी घेऊन कोणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: चढताना की उतरताना?

एक खूण उलटी जाणारी आहे. धावत्या गाडीचा आवाज बटण दाबल्यासारखा तोडून बंद झाला, चोकने काही फरक पडला नाही, आणि दहा मिनिटं नुसती उभी करून ठेवली की पहिल्याच किकला सुरू झाली, तर दोष बहुतेक वेळा प्लगला ठिणगी देणाऱ्या, पण तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइलचा किंवा सीडीआयचा असतो. पेट्रोलची उपासमार हळूहळू होते.

हा कॉक साधा नाही

टाकीतून पेट्रोल सोडणाऱ्या, जुन्या गाड्यांच्या साध्या कॉकला ऑन, रिझर्व्ह आणि ऑफ अशा तीन जागा असतात. इथे आपण बोलतोय तो व्हॅक्यूमवर चालणारा कॉक. त्याला ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम असतं, ऑफ नसतं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि जवळपास सगळ्या दुचाकी कार्बुरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे हा त्रास त्याआधीच्या कार्बुरेटरच्या, आणि त्यातही असा कॉक बसवलेल्या गाड्यांचा. कॉकला एक जाड पेट्रोल पाइप आणि एक बारीक पाइप असे दोन पाइप दिसले आणि बारीक पाइप कार्बुरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीकडे, म्हणजे मॅनिफोल्डकडे जात असला, तर तुमचा कॉक व्हॅक्यूमचा आहे.

आत एक रबरी पडदा असतो, त्याला गॅरेजमध्ये डायफ्राम म्हणतात. त्याच्यामागे स्प्रिंग असते, ती पेट्रोलची वाट दाबून बंद ठेवते. इंजिन फिरायला लागलं की मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. ती बारीक पाइपातून पडद्यापर्यंत पोहोचते, पडदा मागे सरकतो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन बंद झालं की कॉकही बंद. ऑन आणि रिझर्व्ह या दोन्ही जागांवर हाच पडदा काम करतो. प्राइमला मात्र पेट्रोल पडद्याला वळसा घालून सरळ खाली उतरतं, इंजिन चालू असो वा नसो.

आता चढ का नडतो ते बघा. आयडलला किंवा हलक्या थ्रॉटलला कार्बुरेटरचं तोंड जवळपास मिटलेलं असतं, त्यामुळे त्याच्यामागे मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त असते. चढावर तुम्ही वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देता तेव्हा तोंड सताड उघडतं आणि ओढ उतरते. म्हणजे इंजिनला पेट्रोल सगळ्यात जास्त हवं असतं नेमकं त्याच वेळी कॉक उघडणारं बळ सगळ्यात कमी असतं. निरोगी कॉकला एवढी थोडी ओढही पुरते. पडदा कडक झाला असेल किंवा पाइपाला चीर असेल तर ती पुरत नाही.

गाडी लगेच का बंद पडत नाही, याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. दीडशे सीसीची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीला लिटरमागे ५० किमी देते असं धरा. तासाला ८०० मिली, म्हणजे मिनिटाला साधारण १३ मिली. चढावर तीच गाडी लिटरला २० वर आली तर मिनिटाला ३३ मिली लागतात. दुबळा कॉक मिनिटाला २० मिली सोडतोय असं समजा. सपाटीवर ते भरपूर झालं, काही कळतच नाही. चढावर मात्र दर मिनिटाला १३ मिलीची तूट पडते आणि ती कार्बुरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतून भरली जाते. वाटीत ३०-३५ मिली पेट्रोल असलं तर अडीच मिनिटांत ती कोरडी. नांदुरीच्या घाटात दोन-तीन वळणं घेईपर्यंत एवढाच वेळ जातो. आयडलवर तपासणाऱ्या मेकॅनिकला हा बिघाड दिसत नाही, त्याचं कारणही हेच. आयडलला लागणारं पेट्रोल इतकं कमी असतं की अर्धमेला कॉकही ते पुरवतो.

पहिली तपासणी: रस्त्यावरच, फुकट

गाडी मरगळायला लागली की डाव्या हाताने कॉक प्राइमला फिरवा आणि चालवत राहा. कडेला घेऊन केलं तर जास्त चांगलं, घाटात समोरून एसटी येत असते. अर्ध्या-एक मिनिटात गाडी पुन्हा नीट ओढायला लागली आणि उरलेला चढ तशीच चढली, तर दोष पडदा किंवा बारीक पाइप यांच्यापैकी एकात आहे. कार्बुरेटर, जेट, प्लग यांना हात लावायची गरज नाही. प्राइमलाही तीच रड असेल तर पडदा निर्दोष आहे, आणि टाकीचं झाकण, जाळी, पेट्रोल पाइप, फ्लोट यांपैकी काहीतरी आहे. या एका चाचणीने निम्मं काम होतं.

चढ संपला की आठवणीने परत ऑनला आणा. प्राइमला कायमची ठेवून चालवणारे लोक मी बघतो, ‘तेव्हापासून त्रासच नाही’ म्हणतात. पण प्राइमला पेट्रोल अडवायला फक्त कार्बुरेटरमधली फ्लोटची सुई उरते. तिच्यात बारीकसा कचरा अडकला तर रात्रभरात पेट्रोल वाहून एअर फिल्टरमध्ये, नाहीतर सिलिंडरमधून झिरपून ऑइलमध्ये जातं. शिवाय बहुतेक कॉकमध्ये प्राइमची वाट रिझर्व्हच्याच तोंडातून निघते. म्हणजे तुमची रिझर्व्ह न कळत संपलेली असते.

बंद पडलेली गाडी सुरू करतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा. वाटी कोरडी पडल्यावर नुसती रिझर्व्हला फिरवून भागत नाही, कारण इंजिन बंद आहे, ओढ नाही, आणि रिझर्व्हही पडद्याच्या मागेच आहे. लोक घाबरून थ्रॉटल पूर्ण पिळून किक मारतात, त्यामुळे उरलीसुरली ओढही जाते. प्राइमला फिरवा, मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या, मग थ्रॉटल न देता किक मारा. सुरू झाली की टाकीत किती आहे ते बघून ऑन किंवा रिझर्व्ह.

दुसरी: टाकीचं झाकण

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. झाकणाच्या बारीक भोकातून ती येते. भोक बुजलं तर टाकीतच ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. चढावर पेट्रोल जास्त खर्च होतं म्हणून हाही दोष चढावर लवकर दिसतो, आणि तो प्राइमलाही जात नाही. गाडी मरगळली की थांबून झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि लगेच गाडी सुधारली तर झाकण काढून भोक बारीक तारेने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. वर पॉलिशचा थर, मातीचा राप, पावसाळ्यात घातलेली प्लॅस्टिकची पिशवी, यातलं काहीही हे भोक बुजवू शकतं. टाकीवर बॅग बांधून गडावर जाणाऱ्यांनी आधी बॅग उचलून बघावी.

तिसरी: टाकीत पेट्रोल खरंच किती आणि कुठे आहे

हे उतारावर बंद पडणाऱ्या गाडीसाठी. चढावरच्या गाडीला फारसं लागू नाही.

कॉकच्या वर, टाकीच्या आत दोन तोंडं असतात. ऑनचं तोंड एका उंच नळीच्या टोकाला, रिझर्व्हचं खाली तळाजवळ. दोघांच्या उंचीत जेवढा फरक तेवढं पेट्रोल म्हणजे तुमची रिझर्व्ह. बहुतेक गाड्यांत कॉक टाकीच्या मागच्या बाजूला डावीकडे असतो. चढावर पेट्रोल मागे, कॉककडे येतं, त्यामुळे पातळीच्या दृष्टीने चढ उलट सोयीचाच. उतारावर ते पुढे हँडलकडे पळतं. घाटरस्त्याचा नेहमीचा चढ २० ला १ धरला आणि टाकीचा तळ ४० सेंटिमीटर लांब असला, तर पुढच्या-मागच्या टोकांत पातळीचा फरक २ सेंटिमीटर पडतो. वळणाआधी जरा बेताचा ब्रेक मारला तरी पेट्रोल याच्या दुप्पट-तिप्पट पुढे सरकतं. टाकी पाव भरलेली असली तर एवढ्यात ऑनच्या नळीचं टोक उघडं पडतं. सपाटीला पुरेसं असलेलं पेट्रोल उतारावर ‘रिझर्व्ह’ होतं ते असं.

मग उतारावर चालू असतानाच गाडी बंद का पडत नाही? कारण उतरताना थ्रॉटल बंद असतो. इंजिन थेंबथेंब पितं आणि वाटीतल्या शिल्लकीवर निवांत निघतं. वाटी हळूहळू रिकामी होत असते. सावळघाट उतरून खाली सपाटीला थ्रॉटल दिला की शिल्लक संपल्याचं कळतं. म्हणून अशा गाडीचा दोष लोक सपाटीत शोधतात आणि सापडत नाही.

टाकी चौकटीवर खोगिरासारखी बसलेली असते. मधल्या उंचवट्याच्या उजव्या बाजूला अडकलेलं पेट्रोल डावीकडच्या कॉकपर्यंत येत नाही. रिझर्व्हही संपल्यावर गाडी डावीकडे आडवी करायची आपली जुनी पद्धत यासाठीच आहे. पण व्हॅक्यूम कॉकला ती करून झाल्यावर प्राइमला मिनिटभर ठेवायला विसरू नका, नाहीतर पेट्रोल बाजूला येऊनही वाटीत उतरणार नाही.

उपाय खर्चाचा नाही. घाटाला निघताना निम्म्याहून जास्त टाकी भरा. घाट उतरण्याआधी पेट्रोल कमी वाटलं तर वरच रिझर्व्हला फिरवा, आणि पेट्रोल भरल्यावर परत ऑनला आणा.

रिझर्व्हला फिरवल्यावर गाडी बंद पडत असेल, ऑनला चालत असेल, तर रिझर्व्हचं तोंड बुजलंय. टाकीच्या तळाशी गंजाचा चुरा आणि पाणी बसतं, आणि वर्षानुवर्षं कोणी रिझर्व्ह वापरलेली नसते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ही गोष्ट वाढली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं. त्यामुळे पावसाळ्यानंतर महिन्यातून एकदा, पेट्रोल पंपाजवळ असताना, पाच-सहा किलोमीटर रिझर्व्हला चालवून बघावी. बंद पडलीच तर घाटात नको, दिंडोरी नाक्यावर पडू दे.

चौथी: पाइप

इथपर्यंत पाना लागला नाही. इथून पुढे इंजिन थंड, जागा मोकळी, जवळ विडी-सिगारेट नाही, देवाचा दिवा नाही. घराच्या पोर्चमध्ये गॅसचा गिझर असेल तर तिथेही नको.

सीट काढा, टाकीचा मागचा बोल्ट काढून टाकी थोडी वर उचला. दोन पाइप बघायचे. पेट्रोलचा पाइप कुठे मुडपलेला आहे का, आणि मध्ये कुणी जादा फिल्टर घातलाय का? हे पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं, मागून ढकलणारा पंप नाही. पंप असलेल्या गाड्यांसाठी केलेला दाट कागदी फिल्टर इथे घातला तर चढावर तोच घोळ होतो. फिल्टरमध्ये हवेचा मोठा बुडबुडा अडून राहिलेला दिसला तर तो काढून सरळ पाइप घालून एक फेरी मारून बघा.

बारीक पाइप मात्र नीट बघा, कारण मला सर्वांत जास्त वेळा दोष तिथेच सापडतो. सातपूरला कामाला असलेल्या एका मित्राच्या गाडीचं उदाहरण सांगतो. चढावर बंद, प्राइमला चालू. म्हणजे पडदा किंवा पाइप. आयडल थोडा चढउतार करायचा, म्हणून आधीच्या गॅरेजने स्क्रू फिरवून तो वाढवून दिला होता. टाकी उचलून पाइप बघितला तर वरून एकदम चांगला. पण मॅनिफोल्डच्या नळीवर तो चढवला होता तिथे खालच्या अंगाला अर्धा सेंटिमीटरची चीर. टाकी वर असली की पाइप सरळ राहायचा आणि चीर मिटलेली असायची. टाकी बसवली की पाइप वाकायचा आणि चीर उघडायची. म्हणून टाकी उचलून केलेल्या तपासणीत दरवेळी ‘पाइप ओके’. आयडलची जोरदार ओढ त्या चिरेतून थोडी हवा घेऊनही पडदा उघडायची. पूर्ण थ्रॉटलच्या कमजोर ओढीला ते जमायचं नाही. आयडलचा चढउतार हाही त्या चिरेतून शिरणाऱ्या हवेचाच होता.

चिरलेलं टोक कापून पाइप परत चढवता येतो, पण लांबी कमी होऊन तो ताणला जात असेल तर नको. नवाच घाला, आतल्या मापाने तोच, आणि पेट्रोल सोसणाऱ्या रबराचा. एसीच्या पाण्यासाठीचा पारदर्शक पाइप घालू नका. तो इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो आणि ओढीनेच आतून चिकटतो. दोन्ही टोकांना स्प्रिंग क्लिप हवीच. मित्राच्या गाडीला नवा पाइप टाकून आयडलचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, आणि ती गडावर ऑनलाच चढली.

पाचवी: इंजेक्शनच्या सिरिंजने कॉकची परीक्षा

मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलीची सिरिंज आणा. मॅनिफोल्डच्या बाजूने बारीक पाइप काढा आणि त्याच्या टोकाला सिरिंज लावा. पाइपात पेट्रोलचा वास किंवा ओल आहे का, ते आधी बघा. असेल तर पडद्याला भोक पडलंय आणि पेट्रोल त्यातून थेट इंजिनात ओढलं जातंय. काळा धूर आणि काजळलेला प्लग ही त्याची बाहेरची खूण. पुढची चाचणी न करता थेट पडदा बदला.

पाइप कोरडा असेल तर पेट्रोलचा पाइप कार्बुरेटरवरून काढून एका मापाच्या बाटलीत सोडा. कॉक ऑनला. सिरिंज न ओढता पेट्रोल येता कामा नये. आलं तर कॉक बंद होत नाही, आतल्या तोंडावर कचरा आहे किंवा रबर फुगलंय. मग सिरिंज हलकेच ओढा, फार जोर नको. धार सुरू झाली पाहिजे. सिरिंज तशीच धरून ठेवा. धार अर्ध्या मिनिटात बारीक होत गेली, किंवा हातातला दट्ट्या ओढ सोडून सैल वाटायला लागला, तर पडदा किंवा पाइप हवा सोडतोय. कॉकच्या तोंडाशी दुसरा, खात्रीचा, छोटा पाइप जोडून हीच चाचणी पुन्हा केली की दोघांतला गुन्हेगार कोण ते कळतं. तोंडाने ओढून बघणारे महाभाग आहेत. पडदा फुटलेला असला तर पेट्रोलचा घोट मिळतो, त्यामुळे ते नको.

धार टिकली तर मिनिटात बाटलीत किती जमलं ते मोजा. चढाला मिनिटाला ३३ मिली लागतात हे वर बघितलं. बाटलीत निदान १५० मिली जमत असेल तर कॉककडे शंकेने बघायचं कारण नाही. ५०-६० असेल तर जाळी काढून बघायची वेळ आली. ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम तिन्हींचं माप वेगवेगळं घ्या. एकट्या रिझर्व्हचं कमी असेल तर तळाची जाळी, एकट्या प्राइमचं जास्त असेल तर पडदा पूर्ण उचलला जात नाही.

सहावी: कॉक काढणं

टाकी पूर्ण रिकामी करून, गाडीवरून उतरवून, जुन्या गोधडीवर आडवी ठेवूनच. दोन बोल्ट काढले की कॉक हातात येतो. जाळीला भोक असेल तर बदला, बारीक ब्रशने घासून तीच परत चढवू नका. टाकीत टॉर्चने बघा. तळाला गंजाची तांबडी चिकट रांगोळी असेल तर कॉक कितीही नवा घाला, महिन्याभरात परत हेच.

पडदा मागच्या झाकणाखाली असतो, चार बारीक स्क्रूंवर. हे स्क्रू मऊ असतात आणि वर्षांनुवर्षं बसलेले असतात. नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर नसेल तर हात लावू नका, स्क्रूचं डोकं सपाट झालं की काम दुप्पट होतं. झाकण उघडण्याआधी कडेला मार्करने रेघ मारा. ओढीची वाट एका विशिष्ट भोकातून जाते, झाकण फिरवून बसवलं तर कॉक कधीच उघडणार नाही आणि तुम्ही नव्या पडद्याला दोष द्याल. पडदा उजेडासमोर धरून हलका ताणा. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तरी चमकतं. भोक नाही पण पडदा पुठ्ठ्यासारखा कडक किंवा लहरी पडल्यासारखा फुगलेला असेल तरी तो बाद. सुपर ग्लू, एम-सील, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, असले प्रयोग पेट्रोलमध्ये टिकत नाहीत.

काही कॉकमध्ये दोन पडदे असतात आणि मधल्या पोकळीला बाहेर एक बारीक भोक असतं. पडदा फुटला की पेट्रोल इंजिनात न जाता त्या भोकातून ठिबकतं. ते भोक बुजवायचा मोह टाळा, ते मुद्दाम ठेवलेलं आहे.

काही कॉक रिव्हेटने बंद केलेले असतात, त्यांचं किट मिळत नाही, पूर्ण कॉकच घ्यावा लागतो. तो मिळेनासा झाला की लोक साधा ऑन-ऑफ कॉक बसवतात. चालतं, पण मॅनिफोल्डच्या मोकळ्या नळीला घट्ट टोपी लावली पाहिजे, नाहीतर तिथून हवा शिरून इंजिन तापेल. आणि रोज गाडी लावताना हाताने ऑफ करायची सवय लागली पाहिजे, कारण आता ते काम करणारा पडदा नाही.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

ऑइलच्या काठीला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, तर गाडी सुरूच करू नका, किकही मारू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साठलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टेम्पोत टाकून न्या, ऑइल बदलावं लागेल आणि फ्लोटची सुईही तपासावी लागेल.

प्राइमलाही गाडी चढावर मरते, झाकण उघडून फरक नाही आणि बाटलीत पेट्रोल भरपूर येतं, अशी स्थिती असेल तर कॉक निर्दोष आहे. पुढे फ्लोटची उंची, जेट, व्हॉल्व्हची सेटिंग असं काम येतं, ते मापं आणि अनुभव असलेल्याकडेच करून घ्या.

टाकीच्या तळाला ओल, कॉकच्या बोल्टचा आटा गेलेला, किंवा टाकीत गंज आरपार झालेला असेल तर वेल्डिंगचं काम निघतं. पेट्रोलची वाफ उरलेली टाकी वेल्डिंगला लावणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. ज्याच्याकडे टाकी धुऊन, वाफ काढून काम करायची सोय आहे त्याच्याकडेच द्या, घराजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नको.

आणि घाटातच असाल, प्राइमलाही गाडी सुरू होत नसेल, तर उताराच्या बळावर बंद गाडी गिअर न्यूट्रल करून खाली सोडू नका. वळणावर इंजिनाचा ब्रेक नसतो आणि खाली येईपर्यंत ब्रेक तापून कमी लागायला लागतात. कडेला घ्या आणि पिकअप मागवा.